जुन्याच मेलवर उत्तर द्यायचं, की नव्या विषयाने नवा मेल टाकायचा?

सोसायटीच्या सचिवांना गच्चीच्या गळतीबद्दल कमिटीला कळवायचंय. सात जणांचे पत्ते एकेक करून टाकायचा कंटाळा येतो, म्हणून ते कमिटीला पूर्वी गेलेला एखादा मेल शोधतात. समजा सापडला मे महिन्यातला, विषय "लिफ्ट एएमसी 2024-25". त्यावर `Reply all` दाबतात, खालचा सगळा मजकूर पुसतात आणि लिहितात, "ब विंगच्या गच्चीतून पाणी येतंय, दोन कोटेशन जोडली आहेत, 20 तारखेपर्यंत मत कळवा." त्यांच्या लेखी हा कोरा करकरीत नवा मेल. पण सातपैकी तिघांचंच उत्तर येतं. उरलेल्या चौघांना विचारलं तर म्हणतात, "गच्चीचा मेल? आम्हाला नाही आला बुवा."

मेल गेलेला असतो आणि पोचलेलाही असतो, फक्त तो भलत्या ठिकाणी जाऊन बसलेला असतो. का, ते कळण्यासाठी मेलच्या पोटात जरा डोकवावं लागेल.

प्रत्येक मेलला जन्मतःच एक ओळख मिळते. पाठवणाऱ्याचा प्रोग्रॅम किंवा सर्व्हर ती तयार करतो, आणि जगात दुसऱ्या कुठल्या मेलची तीच ओळख असू नये अशी तिची रचना असते. तुम्ही एखाद्या मेलवर उत्तर देता तेव्हा तुमच्या मेलमध्ये, तुम्हाला न दिसणाऱ्या जागी, आधीच्या मेलांच्या ओळखी लिहिल्या जातात. सोपं करून दाखवायचं तर असं:

```
Message-ID: <m3@sankul.example>
Subject: Re: लिफ्ट एएमसी 2024-25
In-Reply-To: <m2@sankul.example>
References: <m1@sankul.example> <m2@sankul.example>
```

पहिली ओळ या मेलची स्वतःची ओळख. `In-Reply-To` म्हणजे हे उत्तर नेमक्या कुठल्या मेलला आहे ते, आणि `References` म्हणजे पहिल्या मेलपासून इथपर्यंतची सगळी वंशावळ. खरी ओळख यापेक्षा बरीच लांबलचक आणि अगम्य असते. ही रीत जुनी आहे. मेलचा मजकूर कसा लिहायचा हे सांगणारं RFC 822 हे मानक 1982 सालचं, त्यातही या दोन ओळी होत्या. सध्या चालू असलेलं RFC 5322 हे 2008 सालचं. जीमेलमध्ये एखादा मेल उघडून तीन टिंबांच्या मेन्यूतलं `Show original` दाबलं, किंवा थंडरबर्डमध्ये Ctrl+U दाबलं, की या ओळी डोळ्यांनी बघता येतात. एकदा तरी बघाव्यात.

म्हणजे सचिवांनी मजकूर पुसला खरा, पण वंशावळ पुसली गेली नाही. ती मजकुरात नसतेच. `Reply all` दाबलं त्या क्षणी गच्चीचा मेल लिफ्टच्या कुळात जन्माला आला.

आता सातही जणांकडे काय होतं ते पाहू. अशा एका कुळातले मेल मिळून एक साखळी होते, आणि जीमेलमध्ये सर्वसाधारणपणे एक साखळी म्हणजे यादीतली एक ओळ. म्हणजे "लिफ्ट एएमसी 2024-25" ही ओळ पुन्हा वर येते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की लिफ्टचंच काहीतरी. तो करार तर मे महिन्यातच झाला, मग घाई कसली? एकाने ती साखळी आवराआवरीत "लिफ्ट" नावाच्या लेबलखाली टाकून दिली होती, तो गच्चीच्या वेळी लेबल "गच्ची" शोधतो आणि हात हलवत परत येतो. खजिनदारांची गोष्ट आणखी मजेशीर. मे महिन्यात करार झाल्यावर "धन्यवाद", "छान काम", "अभिनंदन कमिटी" अशी उत्तरं सुरू झाली, तेव्हा त्यांनी वैतागून त्या साखळीवर `Mute` दाबलं होतं. म्यूट केलेल्या साखळीत नवं उत्तर आलं की ते इनबॉक्समध्ये न थांबता थेट आर्काइव्हमध्ये जातं. खजिनदारांनी लिफ्टच्या अभिनंदनांचं तोंड बंद केलं होतं, आणि त्यात गच्चीही गप्प झाली. आउटलुकमध्ये `Ignore` नावाची सोय आहे, ती याहून कडक. तिच्यात पुढचे मेल सरळ `Deleted Items` मध्ये जातात. "मला मेल आलाच नाही" म्हणणाऱ्या माणसाला जीमेलच्या शोधपट्टीत `is:muted` टाकायला सांगा. बऱ्याचदा गुपित तिथेच सापडतं.

"मग विषय बदलला असता तर?" हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर थोडं वाकडं आहे. जीमेल विषयाकडे बघतं. विषय बदलला की ते नवी साखळी सुरू करतं, त्यामुळे जीमेलवाल्यांचं भागतं. (`Reply` शेजारच्या बाणावर `Edit subject` मिळतं, बहुतेकांना ते ठाऊकच नसतं.) थंडरबर्ड मात्र नेहमीच्या मांडणीत वंशावळीवर चालतं. विषय काहीही असो, `References` मध्ये लिफ्टच्या मेलची ओळख असेल तर ते गच्चीचा मेल लिफ्टच्याच खाली, एक पायरी आत सरकवून दाखवतं. आणि लिफ्टची साखळी मिटवून ठेवलेली असेल तर गच्ची दिसतही नाही. म्हणजे पाठवणाऱ्याच्या पडद्यावर दोन वेगळे विषय आणि घेणाऱ्याच्या पडद्यावर एकच. समोरचा कुठला प्रोग्रॅम वापरतो हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून खरोखर नवी गोष्ट असेल तर `Compose` दाबूनच सुरुवात करावी.

याची उलट बाजूही आहे. नवा मेल लिहिला पण विषय जुनाच, किंवा नुसताच "पाणी", "महत्त्वाचे", "मीटिंग" असा दिला, तर काही प्रोग्रॅम वंशावळ सापडली नाही म्हणून विषय सारखा आहे एवढ्यावर मेल जोडून टाकतात. सर्व्हरवरचे मेल साखळीने लावण्याची पद्धत सांगणारं RFC 5256 आहे. त्यातली एक पद्धत तर फक्त विषय आणि तारीख पाहते, आणि दुसरीतही वंशावळ तपासून झाल्यावर विषयावरून गट एकत्र करण्याची पायरी आहे. त्यासाठी सुरुवातीचं `Re:` काढून टाकून विषय ताडून बघतात. जर्मनीत असलेल्या भाच्याचं उत्तर `AW:` लागून येतं, ते `Re:` सारखं काढलं जात नाही, त्यामुळे त्याचा मेल विषयाच्या हिशेबात कधीकधी एकटाच पडतो. वंशावळ शाबूत असली तर त्याला त्रास होत नाही.

इतकं यंत्राचं. पण उत्तर द्यायचं की नवा मेल टाकायचा, हा निर्णय माणसाचा आहे, आणि तो घेताना बहुतेक जण चुकीची गोष्ट मोजतात, ती म्हणजे मेलचं वय. "आठ महिने झाले, आता त्या जुन्या मेलवर काय उत्तर देणार?" असं म्हणून नवा मेल टाकतात, आणि तिथेच घोळ होतो.

समजा मे महिन्यात लिफ्ट कंपनीने मेलवर कबूल केलं होतं की दरवाजाच्या सेन्सरची दुरुस्ती करारात धरलेली आहे. जानेवारीत सेन्सर बिघडतो आणि कंपनी 6,500 रुपयांचं बिल पाठवते. इथे उत्तर मे महिन्याच्या त्याच मेलवर द्यायला हवं, आठ महिने झाले असले तरी. कारण तुमचं म्हणणं ज्या वाक्यावर उभं आहे ते वाक्य त्या साखळीत आहे. नवा मेल टाकलात तर कंपनीतल्या नव्या माणसाला मागचं काही माहीत नसेल, तो "कुठे कबूल केलंय?" विचारेल, तुम्ही शोधून पाठवाल, चार दिवस जातील. साखळीतच लिहिलं तर तो बोट दोन इंच वर सरकवतो आणि वाचतो. फक्त एक ध्यानात ठेवा: उत्तर देताना जुनी जोडपत्रं सोबत जात नाहीत. कराराची पीडीएफ मे महिन्यातल्या मेलला जोडलेली होती, म्हणून जानेवारीच्या उत्तरातही ती आपोआप असेल असं नाही. ती पुन्हा जोडावी लागते. `Forward` केलं तर जाते, `Reply` मध्ये नाही.

मी स्वतः एवढंच बघतो: माझं वाचणाऱ्याला उत्तर देण्यासाठी वरचं वाचायची गरज आहे का? असेल तर तिथेच. नसेल, आणि जुना विषय माझ्या आजच्या मजकुराच्या डोक्यावर ठेवला तर तो खोटा ठरत असेल, तर नवा. गच्चीच्या मेलवर "लिफ्ट एएमसी" हा विषय उघड खोटा आहे. सेन्सरच्या मेलवर तो अगदी खरा आहे.

पण कोण वाचणार हा प्रश्न याहून धोक्याचा आहे. पैशाचा आणि अब्रूचा प्रश्न बहुधा तिथेच येतो.

वर्ष संपत आलं. कमिटीने ठरवलं की यंदा दुसऱ्या लिफ्ट कंपनीकडूनही भाव मागवू. खजिनदार कमिटीच्या आपसातल्या साखळीवर उत्तर देतात आणि नव्या कंपनीचा पत्ता वर घालतात: "तुमचं कोटेशन पाठवा." छोटंसं एक वाक्य. पण त्या वाक्याच्या खाली, तीन टिंबांआड दडलेली, जुन्या कंपनीचा भाव 84,000, कमिटीची तयारी 90,000 पर्यंत, आणि एका सभासदाचा शेरा "त्यांना 80 वर आणू, घाबरू नका," हे सगळं नव्या कंपनीकडे पोचलं. त्यांचं कोटेशन 88,500 आलं तर नवल काय? जीमेल आधीचा मजकूर घडी घालून ठेवतं, त्यामुळे पाठवणाऱ्याला तो दिसत नाही. दिसत नाही म्हणजे जात नाही असं नाही. साखळीत नवा माणूस घेताना, तो बाहेरचा असेल तर, नवाच मेल लिहावा. इथे वरच्या कसोटीचं उत्तर काहीही आलं तरी हा नियम तिच्यावर मात करतो.

तीच गोष्ट उलट दिशेने. जुन्या साखळीत त्या वेळची माणसं असतात. फ्लॅट विकून गेलेला माजी सभासद, लिफ्ट कंपनी सोडून गेलेला इंजिनिअर, तेव्हाचे सचिव. `Reply all` त्या सगळ्यांना पुन्हा गोळा करतं. थकबाकीदारांची यादी अशा साखळीवर टाकली तर काय होईल ते सांगायला नको.

आता मधली परिस्थिती, जी सर्वांत जास्त वेळा येते. एका विषयातून दुसरा फुटतो. लिफ्टच्या साखळीतच कुणीतरी लिहितं, "लिफ्टच्या मशीन रूममध्ये पाणी ठिबकतंय, गच्ची बघायला हवी." इथे गच्चीचा विषय लिफ्टमधूनच निघालाय, पण पुढे त्याची कोटेशन वेगळी, माणसं वेगळी, निर्णय वेगळा. तो तिथेच चालू ठेवला तर पंधरा मेलांनंतर कुठलं उत्तर कशाला आहे ते कळेनासं होतं. "हो, चालेल" असं एक उत्तर येतं, आणि ते लिफ्टच्या 84,000 ला होकार आहे की वॉटरप्रूफिंगच्या कोटेशनला, हे विचारायला फोन करावा लागतो.

यावर आपल्या सरकारी पत्रांमध्ये फार पूर्वीपासून एक साधी रीत आहे. महानगरपालिकेचं किंवा निबंधक कार्यालयाचं कुठलंही पत्र काढा. वर "विषय :" आणि त्याखाली "संदर्भ : आपले पत्र क्र. अमुक, दि. तमुक." पत्र नवं, विषय नवा, पण आधीच्या पत्राशी असलेलं नातं एका ओळीत नोंदवलेलं. मेललाही तेच करावं. नवा मेल सुरू करायचा आणि पहिल्याच ओळीत लिहायचं:

"संदर्भ: 'लिफ्ट एएमसी 2024-25' या साखळीतला 14 जूनचा मेल. मशीन रूममध्ये पाणी ठिबकत असल्याचं त्यात कळवलं होतं."

आणि जुन्या साखळीत एक ओळीचं उत्तर: "गच्चीचा विषय वेगळ्या मेलवर घेतला आहे, त्यावरचं मत कृपया तिथे द्या." ही दुसरी ओळ बहुतेक जण विसरतात. मग निम्मी माणसं जुन्या साखळीत बोलत राहतात आणि निम्मी नव्या. विषय मोडताना जुन्याच्या शेवटी पाटी लावली नाही तर विषय मोडत नाही, दोन होतात. इंग्रजी मेलांमध्ये काही जण नव्या विषयात कंसात `was:` लिहून जुना विषय ठेवतात. ते चालतं, पण मोबाइलवर विषय मध्येच कापला जातो, म्हणून मला मजकुरातली संदर्भाची ओळच बरी वाटते.

दरवर्षी येणाऱ्या गोष्टींचं काय? 2025-26 चा लिफ्ट करार. कंपनी तीच, कमिटी जवळपास तीच, मागचा करार वाचल्याशिवाय नवा भाव ठरवता येणार नाही. माझ्या कसोटीने बघितलं तर जुन्यावरच उत्तर द्यायला हवं. तरी मी नवा मेल काढायला सांगेन. कारण मागच्या वर्षाचा निर्णय झालेला आहे, आणि तीन वर्षांनी हिशेब तपासनीस "24-25 चा करार दाखवा" म्हणेल तेव्हा शोधणाऱ्याला त्या वर्षाचीच साखळी मिळायला हवी. सगळी वर्षं एकाखाली एक लागली तर 24-25 चं उत्तर 26-27 च्या पोटात सापडतं. शिवाय जीमेल एका साखळीत 100 मेल झाले की पुढचे मेल आपोआप वेगळ्या साखळीत टाकतं, त्याच विषयाने. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत एखाद्या पेटलेल्या विषयावर 100 मेल व्हायला दोन रविवार पुरतात. मग एकाच नावाच्या दोन साखळ्या, आणि शोधणारा त्यातली एक उघडून "एवढंच होतं का?" म्हणत बसतो. सेन्सरचे 6,500 रुपये मात्र जुन्या कराराचे आहेत, तो वाद जुन्या साखळीतच मिटवावा. नव्या करारात ती रक्कम वळती करून घ्यायची असेल तर नव्या मेलमध्ये फक्त आकडा आणि संदर्भ येऊ द्या.

नवा मेल काढायचा ठरला की विषयाची ओळ नीट लिहावी लागते, नाहीतर सगळा खटाटोप फुकट. "गच्ची" एवढं पुरत नाही. कुठली, काय हवंय आणि कधीपर्यंत, हे त्यात यायला हवं, आणि मुख्य गोष्ट आधी. "गच्ची गळती ब विंग: 2 कोटेशन, मत 20 जूनपर्यंत" हे चालेल. "सर्व सन्माननीय कमिटी सदस्यांना नम्र विनंती की" अशी सुरुवात केली तर फोनच्या पडद्यावर नम्र विनंतीच दिसते, गच्ची दिसत नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेला आळस, म्हणजे पत्ते टाकायचा कंटाळा, तो आधी घालवा. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये सातही जणांना "कमिटी" असं एक लेबल लावून ठेवलं की जीमेलच्या `To` मध्ये "कमिटी" टाइप केल्यावर सगळे पत्ते येतात. पाच मिनिटांचं काम. सभासद बदलला की लेबलमधून एक नाव काढायचं, एक घालायचं. जुना मेल केवळ पत्त्यांसाठी खणून काढायची वेळच येत नाही.

चुकीच्या साखळीत मेल गेलाच असेल तर त्याच साखळीत "वरचा मेल गच्चीबद्दल होता" अशी दुरुस्ती पाठवून भागत नाही, कारण ज्याने साखळी म्यूट केली त्याला दुरुस्तीही दिसणार नाही. तोच मजकूर, जोडपत्रांसकट, `Compose` मधून पुन्हा पाठवा. ज्यांनी आधीच उत्तर दिलंय त्यांची उत्तरं एका ओळीत नव्या मेलमध्ये नोंदवा, म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा लिहावं लागणार नाही. साखळी तोडण्याची सोय काही थोड्या प्रोग्रॅममध्ये आहे. उदाहरणार्थ, टर्मिनलवर चालणाऱ्या मटमध्ये `#` दाबलं की मेल साखळीतून सुटतो. पण ती सोय आपल्यापुरती. दुसऱ्यांच्या इनबॉक्समधली गाठ आपल्याला सोडवता येत नाही.

कंपन्यांच्या ग्राहकसेवेशी मेल चालू असेल तर हिशेब थोडा वेगळा पडतो. तिथे विषयाच्या ओळीत बहुधा कंसात तक्रार क्रमांक असतो, आणि त्यांची यंत्रणा त्या क्रमांकावरून तुमचा मेल कुठल्या तक्रारीत टाकायचा ते ठरवू शकते. चालू तक्रारीवर रोज नवा मेल टाकलात तर दरवेळी नवी तक्रार उघडण्याची आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाने "कृपया तपशील द्या" म्हणण्याची शक्यता असते. म्हणून तिथे तक्रार मिटेपर्यंत त्याच मेलवर उत्तर, विषयाला हातही न लावता. पण तक्रार "बंद" झाल्याचा मेल आला असेल आणि आता बिघाड दुसराच असेल, तर त्या जुन्या क्रमांकावर लिहिलेलं कुणी वाचेलच असं नाही. तेव्हा नवी तक्रार नोंदवा आणि पहिल्या ओळीत जुना क्रमांक संदर्भ म्हणून द्या. बिघाड तोच पुन्हा उद्भवला असेल तर आधी जुन्यावर लिहून बघा. काही यंत्रणा ती तक्रार पुन्हा उघडतात, काही त्यातूनच नवा क्रमांक काढून देतात. दोन दिवसांत कुठलाच क्रमांक परत आला नाही, तर समजा की तो मेल कुणाच्याच रांगेत लागलेला नाही, आणि नवी तक्रार टाका.